दूध पिणाऱ्या पिल्लालाही जंत असतात

"पिल्लं आईच्या दुधावर आहेत तोवर त्यांना जंत होत नाहीत. दोन महिन्यांनी डोस दिला तरी चालतं ना?"

नाही. गोल जंतांच्या अळ्या कुत्रीच्या अंगात सुप्त पडून असतात. गाभण काळात त्या जाग्या होऊन पोटातल्या पिल्लांत शिरतात. अंकुशकृमी तर दुधातूनच जातात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिल्लाच्या शीतून गोल जंतांची अंडी पडू लागतात. म्हणून पहिला डोस दोन आठवड्यांचं असताना, मग चार, सहा, आठ. वजन करून, डॉक्टरांना विचारून. आईलाही सोबत द्यायचा.

आता कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीचं पार्किंग बघा. कोपऱ्यात बांधकामाची वाळू, तिथेच पिल्लं, तिथेच मुलांचे किल्ले. ताज्या शीतली गोल जंतांची अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना मातीत साधारण दोन ते चार आठवडे लागतात. शी रोज उचलली तर निम्मं काम तिथेच झालं. राहिली, तर पावसाळ्यातल्या ओल्या मातीत अंडी कित्येक महिने टिकतात. मातीचे हात तोंडात गेले की अळ्या मुलाच्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात भटकतात. माणसात त्यांचे मोठे जंत होत नाहीत, त्यामुळे मुलाची शी तपासून काहीच सापडत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून इथेच फसगत होते! रक्त तपासावं लागतं.

अंकुशकृमीची अळी अनवाणी पायातून शिरते. तळव्यावर खाजरी, लाल, नागमोडी रेघ दिसते आणि ती रोज थोडी पुढे सरकते. पेनाने टोकाशी खूण करून दुसऱ्या दिवशी पाहा, नि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.