एकच फाय पायाला आणि खोदकामालाही?

«मातीच्या ट्रायअक्शियल चाचणीतून एकदा सी आणि फाय हे ताकदीचे आकडे काढले की तेच आकडे पायालाही चालतात आणि खोदकामालाही. खोदकामात तर भार कमीच होतो, त्यामुळे तळाची माती आणखी सुरक्षित. सुरुवातीचे काही आठवडे निभावले की धोका टळला.»

नेहमीच्या चाचणीत सेल प्रेशर कायम ठेवून वरचा दाब वाढवत नेतात. फुटिंगच्या मध्यरेषेखाली साधारण असंच घडतं: उभा दाब बराच वाढतो, आडवा थोडा. खोदकामाच्या तळाखाली मात्र दोन्ही दाब घटतात आणि उभा जास्त घटतो. हा फरक आकड्यांत पाहू.

मऊ, संपृक्त चिकणमाती, एकक वजन १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर, पाणी जमिनीच्या पातळीला. १० मीटर खोलीवर एकूण उभा दाब १८० किलोपास्कल, मातीच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब म्हणजे पोअर प्रेशर १००, म्हणून मातीच्या कणांवर उरणारा परिणामी उभा दाब ८०. आडव्याचं उभ्याशी गुणोत्तर ०.५ धरलं तर परिणामी आडवा ४०, एकूण १४०. स्ट्रेस पाथसाठी s = (σv + σh)/2 आणि t = (σv − σh)/2 घेतले, तर सुरुवात s = १६०, t = २० इथून होते.

फुटिंगमुळे उभा दाब ४० ने आणि आडवा १० ने वाढला, तर s = १८५, t = ३५. बिंदू उजवीकडे वर सरकला. आता त्याच जागी फुटिंगऐवजी रुंद खड्डा ४ मीटर खोदला, तर उभा दाब ७२ ने कमी होऊन १०८ होतो. आडवा २० ने घटला असं समजा, म्हणजे १२०. आता s = ११४ आणि t = −६. बिंदू नुसता डावीकडे गेलेला नाही, तो शून्यरेषा ओलांडून खाली उतरला आहे. आता आडवा दाब मोठा आहे, म्हणजे माती एक्स्टेन्शनमध्ये आहे.

भार कमी झाला हे खरं, पण माती मोडते ती कातरदाबाने, आणि तो आता उलट्या दिशेने चढू लागला आहे. परिणामी दाबावर काढलेल्या फायमध्ये दोन्ही दिशांना फार फरक पडत नाही, तेवढ्यापुरतं विधान बरोबर आहे. अनड्रेन्ड ताकदीचं, म्हणजे पाणी आत-बाहेर व्हायला वेळ न मिळता मातीत असणाऱ्या ताकदीचं, तसं नाही. कमी प्लास्टिसिटीच्या, पूर्वी जास्त दाब न सोसलेल्या चिकणमातीत एक्स्टेन्शनमधली ताकद कंप्रेशनमधल्या ताकदीच्या अर्ध्याच्या आसपास असू शकते. खड्ड्याच्या आधारभिंतीमागच्या मातीची गोष्ट वेगळी: तिथे आडवा दाब घटल्याने t वाढतोच, म्हणून अनड्रेन्ड कंप्रेशनची ताकद तिथे चालते. तळ वर उसळण्याची तपासणी मात्र पूर्णपणे त्याच आकड्यावर केली तर सुरक्षितता कागदावर फुगते.

राहिला काळाचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच आहे. ढोबळ लवचिक हिशेबाने तिन्ही दिशांच्या दाबबदलांची सरासरी म्हणजे पोअर प्रेशरमधला बदल. फुटिंगखाली ते १०० वरून १२० होतं. पुढे पाणी निघून जातं, परिणामी दाब वाढतो, माती घट्ट होत जाते. तिथे पहिले दिवसच कठीण असतात. खड्ड्याखाली ते सुमारे ३७ ने घटून ६३ होतं, म्हणून परिणामी s ५१ वर टिकून राहतो. ही उसनी ताकद आहे. पाणी भिंतीखालून वळून आत येतं. समजा पोअर प्रेशर ८० वर स्थिरावलं आणि एकूण दाब तसेच राहिले, तर परिणामी s ३४ वर येतो आणि बिंदू मोडण्याच्या रेषेकडे सरकतो. बिशप आणि बेरुम यांनी १९६० मध्येच खोदकामासाठी दीर्घकालीन स्थिती निर्णायक ठरते हे मांडलं होतं. तळाखालच्या पिझोमीटरचं वाचन खोदकाम थांबल्यावरही चढत असेल आणि तळ हळूहळू वर येत असेल, तर हीच प्रक्रिया चालू आहे असं समजावं.

प्रयोगशाळेत हा मार्ग गाठायचा तर नमुना आधी ८० आणि ४० च्या परिणामी दाबांवर कन्सॉलिडेट करावा लागतो. सगळीकडून सारखा दाब देऊन नाही. मग ड्रेनेज बंद करून सेल प्रेशर तसंच ठेवून वरचा भार काढत जायचा. संपृक्त मातीत सेल प्रेशरही कमी केलं असतं तरी परिणामी मार्ग बदलला नसता, फक्त मोजलेलं पोअर प्रेशर वेगळं आलं असतं. ड्रेन्ड चाचणीत ही सवलत नाही.

आणखी एक, नेहमी चुकणारी गोष्ट: भार देणारा दांडा, म्हणजे रॅम, नमुन्यावरच्या कॅपला पक्का जोडलेला हवा. नाहीतर t शून्यावर येताच रॅम सुटून वर जातो, लोड सेल शून्यावर अडकतो आणि नमुन्यावर सगळीकडून सेल प्रेशरच उरतं. शून्यावरची ती सपाट रेषा आलेखात दिसली, तर एक्स्टेन्शनची चाचणी झालेलीच नाही. ती नीट चालली तर नमुना मध्यभागी बारीक होतो, म्हणून क्षेत्रफळाची दुरुस्तीही कंप्रेशनच्या उलट करावी लागते.