पीएच नॉर्मल म्हणजे रुग्ण नॉर्मल नव्हे

«एबीजी वाचायची सोपी पद्धत : पीएच ७.३५ ते ७.४५ असेल तर रिपोर्ट नॉर्मल, पुढचं काही बघू नका. पीएच बिघडला असेल तर बाण बघा. पीएच आणि सीओटू उलट दिशेला गेले तर श्वसनाचा दोष, पीएच आणि बायकार्ब एकाच दिशेला गेले तर मेटाबॉलिक. बायकार्ब कमी दिसला की सोडा बायकार्ब सुरू करा. एवढं पाठ करा, परीक्षा आणि वॉर्ड दोन्ही सुटेल.»

हा संदेश नाशिकमध्येच एमबीबीएस करणाऱ्या माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिने तो वहीत उतरवूनही घेतला, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिले विधान सर्वांत घातक आहे. समजा, द्राक्षबागेत काम करणारा, इन्सुलिनवर असलेला एक तरुण पिंपळगावहून कॅज्युअल्टीत आला. दोन दिवस उलट्या होत होत्या आणि जेवण जात नव्हते, म्हणून त्याने इन्सुलिनही बंद केले. साखर ४२०. एबीजीमध्ये पीएच ७.३९, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३९ आणि बायकार्बोनेट २३. तिन्ही आकडे निर्दोष दिसतात आणि ‘साखर वाढली आहे, पण कीटोॲसिडोसिस नाही’ असे म्हणून त्याला घरी पाठवण्याचा मोह इथेच होतो.

आता त्याच वेळचे इलेक्ट्रोलाइट पाहावेत : सोडियम १३८, क्लोराइड ८८. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केले की ॲनायन गॅप मिळतो, म्हणजे १३८ − (८८ + २३) = २७. नेहमीचा गॅप १२ च्या आसपास धरला, तर १५ जास्तीचे आहेत. (साखर कितीही असली तरी इथे मोजलेलेच सोडियम घ्यावे, साखरेनुसार सुधारलेले नव्हे.) रक्तात न मोजलेली आम्ले साठली आहेत, हे पीएच सांगत नाही, गॅप सांगतो.

मग बायकार्बोनेट २३ कसे राहिले? आम्लांनी त्यातले सुमारे १५ खाल्ले असतील, तर त्याआधी ते २३ + १५, म्हणजे ३८ च्या घरात असायला हवे होते. ते उलट्यांनी वाढवले : जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर गेले, क्लोराइड घसरले आणि बायकार्बोनेट चढले. म्हणजे या रुग्णात मेटाबॉलिक ॲसिडोसिस आणि मेटाबॉलिक अल्कलोसिस एकाच वेळी आहेत आणि एकाने दुसऱ्याला झाकले आहे. खात्रीसाठी रक्तातले बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट तपासावे, कारण लघवीच्या पट्टीला हा कीटोन दिसत नाही. क्रिएटिनिन आणि लॅक्टेटही पाहावेत, कारण गॅप वाढण्याची कारणे तीही असतात.

हिशेबाला एक मर्यादा आहे. गॅपचा मोठा भाग अल्ब्युमिनचा असतो आणि अल्ब्युमिन ४ च्या खाली दर एक ग्रॅमने उतरले की गॅप सुमारे २.५ ने कमी दिसतो. अल्ब्युमिन २ असलेल्या कुपोषित रुग्णात १४ हा गॅप प्रत्यक्षात १९ समजायला हवा.

‘पीएच नॉर्मल आला म्हणजे शरीराने भरपाई केली’ हा युक्तिवाद भाचीने केला आणि तो पुष्कळ जण करतात. अल्बर्ट, डेल आणि विंटर्स यांनी १९६७ साली मेटाबॉलिक ॲसिडोसिसच्या रुग्णांवरून दिलेले सूत्र तो खोडून काढते : अपेक्षित कार्बन डायऑक्साइड म्हणजे बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८, दोन इकडे-तिकडे. बायकार्बोनेट १२ असेल तर श्वास वाढवून शरीर कार्बन डायऑक्साइड २६ पर्यंत आणते आणि तरीही पीएच ७.२९ च्याच आसपास राहतो. भरपाई पीएचला नॉर्मलकडे नेते, पण तिथे पोहोचवत नाही. म्हणून बायकार्बोनेट १२ असताना पीएच ७.४० दिसला, तर कार्बन डायऑक्साइड अपेक्षेपेक्षा खाली गेलेला असतो आणि श्वसनाचा दुसरा दोष शोधावा लागतो, उदाहरणार्थ सेप्सिस किंवा ॲस्पिरिनची विषबाधा.

बाणांची युक्ती मात्र पूर्ण खोटी नाही, हे मान्य करावे लागेल. दोष एकच असेल तर ती बरोबर उत्तर देते. पण दोष एकच आहे की नाही हे ती सांगू शकत नाही आणि आपल्या रुग्णात तर बाण काढायलाच जागा नाही.

सोडा बायकार्बचे विधान थोडक्यात निकालात काढता येते. कीटोॲसिडोसिसमध्ये इन्सुलिन दिले की कीटोनच्या ज्वलनातून शरीर स्वतःच बायकार्बोनेट तयार करते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २००९ च्या निवेदनात बायकार्ब फक्त पीएच ६.९ च्या खाली असेल तेव्हाच सुचवले होते. शिवाय ते पोटॅशियमला पेशींत ढकलते आणि उलट्या झालेल्या रुग्णात पोटॅशियम आधीच कमी झालेले असते. त्याच निवेदनानुसार पोटॅशियम ३.३ च्या खाली असेल, तर इन्सुलिनसुद्धा थांबवून आधी पोटॅशियम द्यायचे होते.