गोडं पाणी ओतू नका

"डंख बसताच ती जागा पिण्याच्या पाण्याने धुवा."

जेलीफिशच्या डंखावरच्या तुमच्या लेखातलं हे वाक्य चूक आहे. यवतमाळकडून कोकणात गेलेल्या आमच्या गावच्या सहलीत एका पोराच्या पिंडरीवर कोणीतरी बाटलीतलं पाणी ओतलं आणि आग आणखी भडकली. कातडीला चिकटलेल्या तंतूंत न फुटलेल्या विषाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. गोड्या पाण्याने त्या फुटतात, वाळूने चोळल्यानेही. म्हणून समुद्राचंच पाणी ओता, तंतू चिमट्याने उचला. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, पाय २० मिनिटं बुडवून ठेवा. श्वास लागला, ओठ सुजले तर मात्र थेट दवाखाना गाठा. आमच्याकडची पोरं समुद्र पहिल्यांदाच पाहतात, त्यांच्यासाठी तरी लेखात एवढी दुरुस्ती कराच.