पोकेमॉन रेडची सेव्ह फाइल, एक बाइटचा चेकसम आणि त्याबद्दलच्या गप्पा

"सेव्ह फाइलमधे हाताने एक बाइट जरी बदलला तरी गेमला कळतंच, कारण चेकसम हे कंपनीचं एन्क्रिप्शन असतं आणि त्याची की बाहेर कुणाकडे नसते. एकच जुगाड आहे, पूर्ण फाइलचा सीआरसी३२ ऑनलाइन काढून फाइलच्या शेवटी चिकटवा. तरी गेमने destroyed दाखवलं तर सेव्ह कायमची गेली समजा. आणि गेम उघडला तर एडिट बरोबर झालंय, बिनधास्त खेळा."

हे जिथे तिथे फॉरवर्ड होतं, आणि बहुतेक वेळा गेम बॉयवरच्या पोकेमॉनबद्दलच असतं, म्हणून तोच गेम घेऊन बोलू. १९९८ सालचे अमेरिकन रेड आणि ब्लू. खाली दिलेले पत्ते याच इंग्रजी आवृत्तीचे आहेत, जपानी आवृत्तीत ते वेगळ्या जागी येतात, तिथे हेच आकडे वापरू नका.

आधी एन्क्रिप्शनचं. या गेमची सेव्ह म्हणजे ३२ केबीची फाइल, आणि ती हेक्स एडिटरमधे उघडली की सगळं उघड्यावर पडलेलं असतं. खेळाडूचं नाव 0x2598 पासून, पैसे 0x25F3 पासून तीन बाइट, पिशवीतल्या वस्तू 0x25C9 पासून. काहीही झाकलेलं नाही. या मुख्य डेटाचा चेकसम म्हणजे 0x3523 या जागी असलेला एकच बाइट. 0x2598 ते 0x3522 पर्यंतचे सगळे बाइट, म्हणजे एकूण ३९७९, यांची बेरीज करायची, तिला २५६ ने भागून फक्त बाकी घ्यायची आणि ती बाकी २५५ मधून वजा करायची. संपलं. यात की नाही, पासवर्ड नाही, कंपनीचं गुपित नाही. किराणाच्या बिलात एखादी रक्कम खोडून नवी लिहिली तर खालची टोटलही बदलावी लागते ना, तेवढंच काम आहे.

हा बाइट ठेवला कशासाठी तर चोर पकडायला नाही. सेव्ह कार्ट्रिजमधल्या बॅटरीवर चालणाऱ्या रॅममधे राहायची, मुलं सेव्ह चालू असताना मशीन बंद करायची, बॅटरी मरायची, आणि मग अर्धवट डेटा लोड होऊन गेम भलतंच काहीतरी करायला नको म्हणून ही तपासणी. २५५ मधून वजा करण्याचाही फायदा आहे. पूर्ण रॅम शून्य झाली तर बेरीजही शून्य येते, आणि नुसती बेरीज ठेवली असती तर शून्य बरोबर शून्य जुळून रिकामी सेव्हसुद्धा पास झाली असती. उलटवल्यावर तिथे FF असायला हवं, त्यामुळे ती अडकते.

आता "गेमला कळतंच" याचं. अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. त्या पट्ट्यातला एकच बाइट बदलला तर बेरीज बदलणारच आणि गेम पकडणारच. पण दोन बाइट बदलले आणि एकात जेवढं वाढवलं तेवढंच दुसऱ्यात कमी केलं तर? पिशवीत ५ पोशन होते ते ६ केले आणि १० पोके बॉल होते ते ९ केले, तर बेरीज तीच राहते आणि चेकसमला हात न लावता गेम निमूट उघडतो. आणि त्या पट्ट्याच्या बाहेर, म्हणजे हॉल ऑफ फेमची नोंद 0x0598 पासून असते तिथे, काहीही बदला, हा चेकसम तिकडे बघतसुद्धा नाही. एन्क्रिप्शन असतं तर असं चाललं असतं का?

सीआरसी३२ वाला जुगाड तर मला कळतच नाही कुणी काढला. सीआरसी३२ हा वेगळ्याच प्रकारचा चेकसम, तो चार बाइटचा, गेमला हवा एक. गेम बघतो 0x3523 ला, तुम्ही चिकटवताय ३२,७६८ बाइट संपल्यावर, तिथे गेम कधी वाचायलाच जात नाही. शिवाय पूर्ण फाइल घेतली की तिच्यात चेकसमचा बाइट स्वतःही आला, म्हणजे उत्तर लिहिलं की ज्याच्यावरून उत्तर काढलं तेच बदललं. दुसऱ्या एखाद्या गेमला खरंच सीआरसी३२ लागत असेल तरीही कुठल्या बाइटपासून कुठपर्यंत आणि लिहायचा कुठे हे त्या त्या गेमचं वेगळं असतं, सरसकट असं काही नसतंच.

खरी पद्धत बघा. इम्युलेटर आधी पूर्ण बंद करा, कारण बरेच इम्युलेटर बंद होताना किंवा मधेच .sav फाइल परत लिहितात आणि तुमचं एडिट पुसून टाकतात. फाइलची कॉपी काढून ठेवा. मग काहीही न बदलता आधी एवढंच चालवा:

```python
d = bytearray(open("red.sav", "rb").read())
print(hex(d[0x3523]))
print(hex(255 - sum(d[0x2598:0x3523]) % 256))
```

दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. ही पायरी लोक सोडतात आणि मग रडतात. न बदललेल्या फाइलवर तुमचा हिशोब जुळला तरच पट्टा बरोबर आहे, नाहीतर पुढे जाऊच नका. इथे एक मजेची खूण आहे: हिशोबाचं उत्तर बरोब्बर 0x0 आलं तर बहुतेक तुम्ही एक बाइट जास्त घेतलाय, म्हणजे चेकसमलाच बेरजेत धरलंय. बेरीज आणि तिचा उलटा आकडा मिळून नेहमी २५५ होतात, आणि २५५ मधून २५५ गेले की शून्य. पायथनमधे पट्ट्याचा शेवटचा आकडा धरला जात नाही, म्हणून वर 0x3523 लिहूनही तो बाइट बाहेरच राहतो, पण हेक्स एडिटरमधे माउसने सिलेक्ट करून बेरीज काढणारे इथेच फसतात.

आता पैसे बदलू. समजा ३००० आहेत, गेम सुरू होतो तेव्हा असतात तेवढे. फाइलमधे ते 00 30 00 असे दिसतील. ९,९९,९९९ करायचे तर 99 99 99.

```python
d[0x25F3:0x25F6] = bytes([0x99, 0x99, 0x99])
d[0x3523] = 255 - sum(d[0x2598:0x3523]) % 256
open("red_new.sav", "wb").write(d)
```

मग red_new.sav ला जुन्या .sav चंच नाव देऊन ती तिच्या जागी ठेवा. पायथन नको असेल तर फरकावरूनही निघतं, ३९७९ बाइट परत मोजायची गरज नाही. हेक्स 99 म्हणजे १५३, तीन वेळा ४५९. आधी होता हेक्स 30 म्हणजे ४८. बेरीज ४११ ने वाढली, त्यातून २५६ काढले की १५५. बेरीज वाढली की चेकसम तेवढाच कमी होतो, म्हणून जुन्या चेकसममधून १५५ वजा करायचे आणि उत्तर ऋण आलं तर २५६ मिळवायचे. जुना 5A असेल, म्हणजे ९०, तर ९० वजा १५५ म्हणजे उणे ६५, अधिक २५६ म्हणजे १९१, हेक्समधे BF. 0x3523 ला BF टाका, सेव्ह करा, झालं. कागदावर होणारं गणित आहे हो हे.

कायमची गेली म्हणतात त्याबद्दल. चेकसम जुळला नाही तर गेम The file data is destroyed! असं दाखवतो आणि मेनूत CONTINUE येत नाही. मेसेज भीतीदायक आहे पण खोटा आहे, गेमने काहीच पुसलेलं नसतं. उलट तो बिचारा बेरीज जुळली नाही तर लगेच हार न मानता परत एकदा करून बघतो आणि मगच हे बोलतो. तुमचा डेटा जागेवरच असतो, 0x3523 चा बाइट दुरुस्त केला की CONTINUE परत. जाते ती सेव्ह घाबरून NEW GAME सुरू करून त्यात सेव्ह केल्यावर, तेव्हा मात्र खरंच जुन्यावर नवीन लिहिलं जातं.

हा मेसेज तर उलट उपयोगाचा आहे. गेम आधी खेळाडूच्या नावाच्या जागी नाव संपल्याची खूण, म्हणजे 0x50 हा बाइट, आहे का ते बघतो, आणि ती सापडली तरच पुढे बेरीज तपासतो. म्हणजे destroyed दिसलं तर फाइल वाचली गेली, नाव ठीक आहे, फक्त बेरीज चुकली. मेसेज न येता थेट NEW GAME दिसलं तर चेकसमच्या मागे लागू नका, एकतर नाव बदलताना शेवटचा 0x50 उडवलाय नाहीतर इम्युलेटरला फाइलच सापडली नाही, बहुतेक वेळा फाइलचं नाव रॉमच्या नावाशी जुळत नाही एवढंच असतं. आणि गेम व्यवस्थित उघडून पैसे जुनेच दिसत असतील तर तुम्ही इम्युलेटरची सेव्ह स्टेट लोड करताय, तिच्यात जुनी रॅम जशीच्या तशी असते, .sav कडे कुणी बघतच नाही.

राहिलं "उघडला म्हणजे बरोबर". हे सगळ्यात धोकादायक, कारण चेकसम फक्त बेरीज बघतो, अर्थ नाही. वर पैसे 99 99 99 लिहिले कारण हा गेम दशमान अंक जसेच्या तसे ठेवतो, एका बाइटमधे दोन अंक. कुणी हुशारीने ९,९९,९९९ चं हेक्स काढून 0F 42 3F लिहिलं आणि चेकसम नीट बसवला तर गेम आनंदाने उघडेल आणि पैशांच्या जागी कचरा दाखवेल. पिशवीचंही तसंच: पहिला बाइट वस्तू किती ते, मग वस्तूचा नंबर आणि संख्या अशा जोड्या, शेवटी FF. नवीन वस्तू टाकताना ते FF झाकलं गेलं आणि पुढे परत लिहिलं नाही, किंवा पहिल्या बाइटमधली संख्या वाढवली नाही, तर बेरीज बरोबर असूनही यादी बिघडते. त्यात तुम्ही सेव्ह केलंत तर गेम स्वतःच त्या बिघाडाचा नवा, बरोबर चेकसम लिहून देतो. म्हणून एडिट केल्यावर आधी पिशवी उघडून बघा, पैसे बघा, मगच सेव्ह करा.

की लागणाऱ्या सेव्ह नसतातच असं नाही. ज्या गेममधे सेव्ह सर्व्हरवर असते किंवा कन्सोल तिच्यावर गुप्त कीने सही करतो तिथे बेरीज करून काही होत नाही. पण ती वेगळी जात आहे, १९९८ च्या कार्ट्रिजला तो नियम लावू नका.

पुढच्या पिढीत, गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टलमधे, चेकसम दोन बाइटचा झाला आणि सेव्हची दुसरी प्रतही ठेवायला लागले. मुख्य प्रतीचा चेकसम चुकला तर गेम काही न बोलता दुसरी प्रत उचलतो. त्यामुळे तिथे चुकीच्या एडिटवर destroyed दिसत नाही, गेम छान उघडतो आणि तुमचा बदल मात्र गायब. तसं झालं तर समजायचं की मुख्य प्रतीची बेरीज चुकली होती, आणि एडिट परत करून या वेळी बेरीज नीट बसवायची.