क्रियापद नाही म्हणून निम्मे पैसे?

आज बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका पार्टीचा फोन आला. पार्ट्स कॅटलॉगचं मराठी करायचंय, माल महाराष्ट्रात जाणार आहे. वर म्हणे, "वाक्यं कुठे आहेत? नुसती नावं तर आहेत. निम्म्या भावात करा." दुपारपासून डोकं तापलंय.

मला तो ग्राइंडर आठवला. माझं पहिलंच काम. यादीत ओळ होती:

```
NUT, HEX, M16, LH
```

मी लिहिलं, "नट, षटकोनी, एम१६, डावा." शब्दाला शब्द.

तो नट ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा. चाकाच्या फिरण्याने साधा नट तिथे सैल होत जातो, म्हणून त्या टोकाला उलटे आटे असतात. LH म्हणजे तेच. माझं "डावा" वाचून मिस्त्रीकाकांना वाटलं, डावीकडचा नट. ते नेहमीसारखा सोडवायला गेले, म्हणजे आवळतच राहिले. शेवटी पान्याला पाइप लावला आणि शाफ्टचे आटे गेले.

इंग्रजीत स्वल्पविराम टाकून मोकळं होता येतं. मराठीत 'चा', 'साठी', 'सह' यातलं एक निवडावंच लागतं. `COVER, BEARING, REAR` घ्या. मागच्या बेअरिंगचं झाकण, की बेअरिंगचं मागचं झाकण? ओळ कितीही वेळा वाचा, कळणार नाही. सुट्या भागांच्या चित्रात त्या भागाचा नंबर शोधायचा, रेघ कुठे जाते ते बघायचं, नग मोजायचे. तरी अडलं तर फिटरला विचारायचं. दोन शब्दांच्या ओळीला कधी अर्धा तास जातो, आणि हे म्हणतात निम्मा भाव!

हो, प्रत्येक ओळीचं वाक्य केलं तर रकाना पुरणार नाही, मान्य. नावाच्या रकान्यात क्रियापद नकोच. "उलट्या आट्यांचा षटकोनी नट, एम१६" एवढं पुरे. पण शेऱ्यात एक ओळ हवीच: "नटाकडे तोंड करून, सोडवताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा." जिथे चुकीच्या बाजूला जोर लागू शकतो, तिथे तरी क्रियापद द्या.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. काका त्या दिवशी मला एक शब्द बोलले नाहीत. शाफ्ट उभा धरून दाखवला. वाचलेले दोन-तीन आटे डावीकडे चढत होते. "हे आधी बघायला हवं होतं, माझाच हात जड पडला," म्हणाले. यादी मी केली होती हे त्यांना माहीत होतं.

पार्टीला कळवलंय, पूर्ण भाव, आणि चित्रांची फाइल सोबत पाठवा. चित्रांशिवाय मी हात लावणार नाही.