‘३९ टक्के’ हा आकडा पहिल्या स्लाइडवर का नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

“सर, रॅशन्स ट्रायलवरचा आपला लेख समोर ठेवून जर्नल क्लबची तयारी केली आणि वेळ पुरला नाही. अर्धा लेख पद्धतीवर आणि निष्कर्ष तीन ओळींत, हे प्रमाण उलटे हवे होते. आम्हाला दहा मिनिटे मिळतात. ३९ टक्के हा आकडा पहिल्याच स्लाइडवर जायला हवा. शिवाय लेखकांनी न लिहिलेल्या मर्यादा आपण पदरच्या घालणे म्हणजे ‘लॅन्सेट’च्या परीक्षकांपेक्षा शहाणे होणे नव्हे का?” – एमपीएच, दुसरे वर्ष, नांदेड

नमस्कार. आपण लेख नुसता वाचला नाही, वापरून पाहिला आणि मग लिहिले, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो. ज्यांनी तो लेख वाचला नाही, त्यांच्यासाठी एवढेच : क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना शिधा दिला, तर त्यांच्यात नवा क्षयरोग कमी होतो का, हे पाहणारी रॅशन्स ही ट्रायल २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली, आणि ३९ टक्के ही तीत दिसलेली घट.

‘शिध्यामुळे क्षयरोग ३९ टक्क्यांनी कमी झाला’ असे वाक्य पहिल्या स्लाइडवर टाकले, तर समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या मनात एकच चित्र उभे राहील : काही रुग्णांना शिधा दिला, काहींना दिला नाही, आणि ज्यांना दिला ते लवकर बरे झाले. या ट्रायलमध्ये असे काहीही घडलेले नाही. झारखंडमधील चार जिल्ह्यांतल्या २८ क्षयरोग पथकांत नोंदलेल्या २,८०० फुप्फुसाच्या क्षयरोगाच्या रुग्णांना, म्हणजे दोन्ही गटांतील रुग्णांना, उपचाराच्या सहा महिन्यांत दिवसाला १,२०० किलोकॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने मिळतील एवढा शिधा देण्यात आला. फरक केला गेला तो त्यांच्या घरातील सहवासितांमध्ये. एका गटातील सहवासितांना दरमहा माणशी शिधा आणि सूक्ष्म पोषकांच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या गटातील सहवासितांना मिळाल्या नाहीत. मोजले गेले तेही रुग्णाचे बरे होणे नव्हे, तर पुढच्या काळात सहवासितांपैकी किती जणांना नव्याने क्षयरोग झाला, हे.

म्हणजे रुग्णाला शिधा द्यावा की देऊ नये, या प्रश्नावर हा शोधनिबंध तुलना म्हणून काहीच सांगू शकत नाही. शिधा न मिळालेला रुग्ण त्यात नाहीच. हे पद्धतीच्या भागात स्पष्ट झाल्याखेरीज ३९ हा आकडा उच्चारणे म्हणजे श्रोत्यांना चुकीच्या वाटेवर सोडून देणे. गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट अशी की याच संशोधकांचा दुसरा निबंध २०२३ मध्येच ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला, आणि तो रुग्णांचे वजन व मृत्यू यांच्याविषयी आहे. सुरुवातीच्या दोन महिन्यांतील वजनवाढ आणि कमी मृत्यू यांचा संबंध त्यात दाखवला आहे, पण तो एकाच समूहाचा पाठपुरावा आहे. विद्यार्थी या दोन निबंधांतील वाक्ये सर्रास एकाच स्लाइडवर आणतात. आपल्या स्लाइडवर ‘मृत्यू’ हा शब्द प्रमुख निष्कर्ष म्हणून आला असेल, तर आपण दुसरा निबंध उघडला आहे, असे खुशाल समजावे.

पद्धतीतील दुसरी गोष्ट रँडमायझेशनची. चिठ्ठी माणसांच्या नावाने निघाली नाही, घरांच्या नावानेही नाही. ती क्षयरोग पथकांच्या नावाने निघाली. एका पथकाच्या हद्दीतील सगळी घरे एकाच गटात गेली. हे व्यवहार्य होते, कारण एकाच वस्तीत शेजारच्या घरी तांदूळ-डाळ द्यायची आणि या घरी द्यायची नाही, हे कोणाही आरोग्य कर्मचाऱ्याला निभावणे अवघड आहे. त्याची किंमत मात्र आकडेशास्त्रात मोजावी लागते. १०,३४५ सहवासित हा आकडा ऐकून छाती दडपते, पण एकाच पथकातील आणि त्यातही एकाच घरातील माणसे एकमेकांसारखी असतात, त्यामुळे त्यांच्याकडून मिळणारी माहिती तेवढ्याच स्वतंत्र माणसांइतकी नसते. लेखकांनी साधी टक्केवारी न वापरता समूहातील साम्य विचारात घेणारे पॉयसाँ आणि कॉक्स मॉडेल वापरले आहे, ते याचसाठी. आपल्याला मॉडेलचे गणित सांगायचे नाही. ‘रँडमायझेशनचे एकक पथक, म्हणून विश्लेषणही त्या हिशेबाने’ हे एक वाक्य पुरते. पद्धतीवर माझा अर्धा लेख खर्च झाला, पण आपल्या दहा मिनिटांत या सगळ्याला तीन मिनिटांहून अधिक लागू नयेत.

आता निष्कर्ष. सुरुवातीच्या तपासणीतच ३१ सहवासितांना क्षयरोग आढळला. ते वगळून पुढचा हिशेब आहे. शिधा न मिळालेल्या गटात ४,७१२ पैकी १२२ जणांना, तर शिधा मिळालेल्या गटात ५,६०२ पैकी ९६ जणांना नवा क्षयरोग झाला. हे आकडे फळ्यावर स्वतः मांडून पाहावेत, कारण प्रश्न येथेच विचारले जातात. ९६ ला १२२ ने भागले, तर घट जेमतेम २१ टक्के येते. पण दोन्ही गटांची संख्या सारखी नाही, म्हणून हा भागाकार निरर्थक आहे. प्रमाण काढले, तर २.६ आणि १.७ टक्के येतात आणि घट साधारण ३४ टक्के दिसते. मग ३९ कोठून आले? निबंधाने माणसांऐवजी पाठपुराव्याचा काळ मोजला : १०० पर्सन-इयरमागे १.२७ विरुद्ध ०.७८. यांचे गुणोत्तर ०.६१, म्हणून घट ३९ टक्के. शिधा नसलेल्या गटातील माणसांचा पाठपुरावा सरासरीने थोडा कमी काळ झाला, आणि ३४ व ३९ यांतील अंतर त्यातून आले आहे. परीक्षक अनुभवी असतील, तर नेमके येथे बोट ठेवतील.

या ०.६१ च्या सोबत ०.४३ ते ०.८५ हा कॉन्फिडन्स इंटरव्हल सांगणे अनिवार्य आहे. त्याचा साधा अर्थ असा की खरी घट १५ टक्क्यांइतकी किरकोळ किंवा ५७ टक्क्यांइतकी मोठीही असू शकते. आणि त्याच दमात निव्वळ फरकही सांगावा : दर हजार सहवासितांमागे २६ ऐवजी १७, म्हणजे नऊ रुग्ण कमी. हजाराला नवाने भागले की १११ येतात. लेखकांनीही एक रुग्ण टाळण्यासाठी सुमारे ३० घरे, म्हणजे १११ सहवासित, असाच अंदाज दिला आहे. ३९ टक्के हा आकडा एकटा ऐकू आला तर फार मोठा वाटतो, १११ हा एकटा ऐकू आला तर फार लहान. दोन्ही एकाच स्लाइडवर हवेत, आणि माझ्या मते ती स्लाइड पाचवी किंवा सहावी असावी.

मर्यादांबाबतचा आपला आक्षेप मला मान्य नाही. लेखकांनी लिहिलेल्या मर्यादा तशाच वाचून दाखवायच्या असतील, तर जर्नल क्लब कशाला हवा? निबंध प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतोच. अट एवढीच की लेखकांची मर्यादा कोणती आणि आपण काढलेली कोणती, हे वेगळे सांगावे, आणि प्रत्येक मर्यादेबरोबर ती निष्कर्षाला कोणत्या बाजूला ढकलते, हेही सांगावे. ‘ओपन लेबल ट्रायल आहे’ एवढे म्हणून पुढच्या स्लाइडवर जाणे ही केवळ हजेरी झाली.

उदाहरण म्हणून हाच मुद्दा घेऊ. कोणाला शिधा मिळतो आहे, हे सर्वांना दिसत होते. त्यामुळे निदानात पक्षपात शिरू शकतो, अशी शंका रास्त आहे. पण निदान स्वतंत्र वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी वेगवेगळ्या आरोग्यसेवांमध्ये केले, आणि प्रयोगशाळेत जंतू सापडून निश्चित झालेला फुप्फुसाचा क्षयरोग तेवढाच मोजला, तर घट ४८ टक्के दिसते. निदान करणाऱ्याच्या मताला जेथे कमी वाव आहे, तेथे परिणाम जास्त दिसतो आहे. म्हणून ही मर्यादा खरी असली, तरी निष्कर्ष कोसळवण्याइतकी वजनदार नाही.

दुसरी मर्यादा शिध्याच्या वाटणीची. शिधा नसलेल्या गटातही घरात रुग्णाचा शिधा येत होता, आणि एकाच चुलीवर शिजलेला भात रुग्णानेच खाल्ला असेल, असे आपल्याकडचा कोणीही मानणार नाही. शिवाय एप्रिल २०२० पासून केंद्राच्या गरीब कल्याण अन्न योजनेत रेशन कार्डावर माणशी पाच किलो मोफत धान्य सुरू झाले. ट्रायलमधील सहवासितांचा तांदूळही महिन्याला पाच किलोच होता, त्याच्या जोडीला दीड किलो डाळ. योजनेचे धान्य दोन्ही गटांतील घरांत पोहोचू शकत होते. या दोन्ही गोष्टी गटांमधील अंतर कमी करतात, म्हणजे खरा परिणाम दिसतो त्याहून मोठा असण्याची शक्यता वाढते. अन्न योजनेचा मुद्दा माझा आहे, आणि आपण तो घेतलात तर ‘हा आमचा तर्क’ असे स्पष्ट म्हणावे.

तिसरी मर्यादा उलट्या बाजूला ओढू शकते, आणि मला सर्वांत जास्त खटकते ती हीच. शिधा मिळालेल्या गटातील ९४.८ टक्के सहवासितांची अखेरची तपासणी पूर्ण झाली, दुसऱ्या गटातील ९०.७ टक्क्यांची. संख्येत पाहिले, तर अनुक्रमे २९३ आणि ४४१ माणसे हातची गेली. शिधा घ्यायला माणूस थांबतो, हे समजण्यासारखे आहे. पण गेलेले ४४१ कोण होते? ते धडधाकट आणि कामाला बाहेर गेलेले असतील, तर मागे आजारी माणसे उरून शिध्याचा परिणाम फुगलेला दिसेल. ते आजारी पडून अन्यत्र गेले असतील, तर परिणाम प्रत्यक्षाहून कमी दिसेल. दिशा सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही असेच म्हणावे.

मराठवाड्याशी सांधा जोडताना सांभाळून. झारखंडमधील त्या सहवासितांपैकी सुमारे दोनतृतीयांश आदिवासी समाजांतील होते आणि ३४ टक्के अल्पपोषित होते. ०.६१ हे गुणोत्तर आपल्याकडे कदाचित टिकेल. १११ हा आकडा मात्र तसाच उचलता येणार नाही, कारण तो तेथील क्षयरोगाच्या दरावर उभा आहे. समजा, एखाद्या तालुक्यात तो दर निम्मा, म्हणजे हजारी १३ असेल, तर २६ चे १७ होण्याच्या त्याच प्रमाणाने चार-पाच रुग्णच टळतील आणि एक रुग्ण टाळण्यासाठी २०० हून अधिक सहवासितांना शिधा द्यावा लागेल. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर प्रश्न आणखी वेगळा : दिवाळीच्या सुमारास जोडपे कारखान्यावर, म्हातारी माणसे आणि लेकरे गावात, आणि महिन्याचा शिधा नेमका कोणत्या पत्त्यावर पोहोचवायचा, हे ठरवताना पथकाची दमछाक होणार. ज्वारीच्या भाकरीवरच्या माणसाला तांदूळ द्यावा की ज्वारी, हा त्यामानाने सोपा प्रश्न आहे. उष्मांकांचा हिशेब दोन्हीत जुळवता येतो.

वेळेविषयी म्हणाल, तर पार्श्वभूमीच्या स्लाइड एकावर आणाव्यात. देशातील क्षयरोगाचा भार किती, हे समोरच्या सर्वांना ठाऊक असते, आणि माझ्या पाहण्यात तीन-चार मिनिटे तेथेच जातात. तेवढी वाचली की पद्धतीला तीन, आकड्यांना तीन आणि मर्यादांना तीन मिनिटे मिळतात. मूळ लेखाच्या शेवटी दिलेला स्लाइडचा आराखडा मी त्यानुसार आज बदलून ठेवतो.