सायरनची पट्टी, ताऱ्याचा रंग आणि डॉप्लर: फिरणाऱ्या संदेशात काय चुकलंय

«रुग्णवाहिका जसजशी जवळ येते तसतसा सायरनचा स्वर चढत जातो, समोर आली की सर्वांत उंच होतो आणि लांब जाताना उतरत जातो. कारण गाडी आवाजाला पुढे ढकलून जास्त वेग देते. ताऱ्यांचंही तसंच: जवळ येणारा निळा दिसतो, लांब जाणारा लाल. हा रंग बघूनच शास्त्रज्ञ ताऱ्याचा वेग मोजतात आणि त्याच्याभोवतीचे ग्रह शोधतात.»

पहिल्या वाक्यातली चूक सर्वांत जास्त पसरलेली आहे. म्हणून तिला थोडा जास्त वेळ देऊ.

७०० हर्ट्झचा स्थिर स्वर देणारा भोंगा ताशी ६० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटरने, येतोय असं धरा. तुम्ही त्याच्या वाटेपासून ५ मीटर बाजूला उभे आहात. गाडी ५० मीटरवर असताना तुम्हाला सुमारे ७३६ हर्ट्झ ऐकू येतात. ती १०० मीटरवर होती तेव्हाही तेवढेच येत होते. स्वर चढत नाही, तो आधीपासूनच चढलेला असतो. १० मीटरवर तो ७३२ होतो, ५ मीटरवर ७२५, आणि गाडी अगदी समोरून सुटलेला आवाज पोचतो तेव्हा बरोबर ७००. पुढे ५ मीटर गेली की ६७७ आणि मग ६६८ च्या आसपास स्थिर. म्हणजे स्वर सबंध वेळ उतरतच असतो. फक्त बहुतेक उतार गाडी समोरून जाताना साधारण अर्ध्या-पाऊण सेकंदात उरकतो. एकूण उतार शुद्ध रिषभावरून षड्जावर येण्यापेक्षा थोडा कमी, कोमल रिषभावरून येण्यापेक्षा जास्त.

असं का, ते वेगाच्या दिशेत आहे. स्वर ठरवायला गाडी किती अंतरावर आहे याचा काहीच संबंध नाही. गाडीच्या वेगाचा जो भाग सरळ तुमच्या कानाच्या रेषेत असतो, तेवढाच मोजला जातो. लांब असताना जवळजवळ सगळा वेग तुमच्या दिशेने असतो, समोर आल्यावर तो आडवा होतो, तेव्हा तुमच्या दिशेचा भाग शून्य. तुम्ही रस्त्यापासून ५ ऐवजी ५० मीटरवर उभे राहिलात, तर तोच उतार दहापट सावकाश होईल, कारण दिशा सावकाश बदलते.

मग इतक्या लोकांना स्वर चढताना का ऐकू येतो? जवळ येताना वाढतो तो आवाजाचा मोठेपणा, आणि वाढत्या मोठेपणाला आपण स्वराची चढण समजतो. जॉन न्यूहॉफ आणि मायकेल मॅकबीथ यांनी १९९६ मध्ये प्रयोगातून हे दाखवलं: खरी वारंवारता घसरत असतानाही ऐकणारे ती चढतेय असं सांगत होते. त्यात भर म्हणजे रुग्णवाहिकेचा सायरन मुळातच वर-खाली होणारा असतो. त्यामुळे या तपासणीला तो निरुपयोगी. आगगाडीचा लांब, एकसुरी भोंगा हवा.

कारण म्हणून दिलेलं «ढकलणं» तर पूर्ण चूक आहे. एकदा सुटलेला ध्वनी हवा ठरवते त्याच वेगाने जातो, २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर. गाडी थांबलेली असो की धावती. बदलतं ते लागोपाठच्या दोन तरंगांमधलं अंतर. ७०० हर्ट्झला गाडी थांबलेली असताना हे अंतर ४९ सेंटिमीटर असतं. दोन तरंग सुटण्याच्या मधल्या वेळात धावती गाडी २.४ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणून पुढच्या बाजूला अंतर ४६.६ उरतं आणि मागे ५१.४ होतं. त्याच वेगाने येणारे जवळजवळचे तरंग कानावर जास्त वेळा आदळतात, तोच चढा स्वर.

हे स्वतः तपासायचं असेल तर फलाटावर, रुळांपासून सुरक्षित अंतर ठेवून, न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि वारंवारता दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये बघा. भोंग्यात एकाहून जास्त स्वर असतात; त्यातली एकच ठळक रेष निवडून शेवटपर्यंत तिच्यावरच राहा. गाडी लांब असतानाचा आकडा आणि निघून गेल्यानंतरचा आकडा घ्या. दोहोंतला फरक भागिले दोहोंची बेरीज, गुणिले ध्वनीचा वेग, म्हणजे गाडीचा वेग. वरचे आकडे घातले तर ६८ भागिले १४०४ गुणिले ३४३, सेकंदाला १६.६ मीटर. भोंग्याची मूळ वारंवारता माहीत असायची गरजच नाही. ३० अंशांच्या दुपारी मात्र ३४३ ऐवजी ३४९ धरा. उत्तर फार कमी आलं तर बहुधा गाडी अगदी जवळ असतानाचे आकडे घेतलेले असतात.

आता तारे. रंगाची कल्पना कुणा अडाण्याची नाही; गतीमुळे स्वर बदलण्याचा हा परिणाम ज्याच्या नावाने ओळखतात, त्या खुद्द क्रिस्टियान डॉप्लरची आहे. १८४२ मध्ये प्राग इथे मांडलेला त्याचा निबंध जोडताऱ्यांच्या रंगीत प्रकाशावरच होता. तारे मुळात पांढरे किंवा फिके पिवळसर असतात आणि त्यांचे रंग गतीमुळे दिसतात, असं त्याचं म्हणणं होतं. १८४५ मध्ये डच शास्त्रज्ञ बाइस बालोटने नेदरलँड्समध्ये उट्रेख्टजवळ आगगाडीवर तुतारीवादक बसवून, रुळांकडेला कानाचे तयार वादक उभे करून ध्वनीचा भाग खरा ठरवला, आणि त्याच वेळी रंगाचा भाग नाकारला. तारा दृश्य प्रकाशाच्या पलीकडेही प्रकाश देतो. लांब जाताना सगळा वर्णपट लाल बाजूला सरकला, तर निळ्या टोकाला अतिनील प्रकाश आत येऊन जागा भरतो. शिवाय सरकणं अतिशय थोडं असतं: सेकंदाला ३० किलोमीटर वेगालाही दहा हजारांत एक भाग. डोळ्याला ते कळणं शक्य नाही.

ताऱ्याचा रंग मुख्यतः तापमान सांगतो. नारिंगी दिसणारी स्वाती सुमारे ४,३०० केल्व्हिनची आहे आणि ती सेकंदाला ५ किलोमीटरने आपल्याकडे येतेय. मृगातला निळसर राजन्य, म्हणजे रिगेल, सुमारे १२,००० केल्व्हिनचा आहे आणि तो आपल्यापासून लांब जातोय. दोन्ही उदाहरणं संदेशातल्या नियमाच्या उलट.

शास्त्रज्ञ बघतात त्या वर्णपटातल्या काळ्या शोषणरेषा. त्या सरकतात हे फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोने १८४८ मध्ये सांगितलं. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या तरंगलांबीवर असतात, म्हणून त्या किती सरकल्या ते मोजता येतं. सरकण्याचं मूळ तरंगलांबीशी गुणोत्तर म्हणजे ताऱ्याच्या वेगाचं प्रकाशाच्या वेगाशी गुणोत्तर. ही रीत ग्रहापर्यंत कशी पोचते, ते ५१ पेगासी या ताऱ्यावर बघू. मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी १९९५ मध्ये त्याचा ग्रह जाहीर केला, आणि २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला.

फ्रान्समधल्या ओत-प्रोवांस वेधशाळेत १.९३ मीटरच्या दुर्बिणीला एलोडी हा वर्णपटमापक जोडलेला होता. ग्रहामुळे तारा ४.२३ दिवसांच्या आवर्तनाने पुढे-मागे होत होता, वेग सेकंदाला जेमतेम ५९ मीटर. ५५० नॅनोमीटरच्या रेषेसाठी हे सरकणं ०.०००१ नॅनोमीटर. उपकरणाची विभेदनक्षमता, म्हणजे जवळच्या दोन रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता, वेगाच्या भाषेत सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर होती, शंभरपटीहून भरड. एका रेषेवरून हे साधलं नसतं. म्हणून हजारो रेषांच्या जागांचा एक साचा वर्णपटावर सरकवत नेतात आणि तो कुठे सर्वांत चांगला बसतो ते बघतात. सगळ्या रेषांची साक्ष एकत्र आली की चूक सुमारे १३ मीटरवर येते.

इथे दोन गोष्टी घात करतात. पहिली पृथ्वी: ती सेकंदाला ३० किलोमीटरने सूर्याभोवती फिरते, म्हणजे शोधायच्या वेगाच्या पाचशेपट. शिवाय तिचं स्वतःभोवती फिरणंही आहेच. हा भाग गणिताने काढून टाकतात, पण त्यासाठी प्रकाश घेण्याचा मध्यक्षण अचूक हवा. त्यात दहा मिनिटांची चूक झाली तर दहा-पंधरा मीटरचा खोटा वेग येऊ शकतो. अर्ध्या तासाच्या चित्रणात दुसऱ्या भागात ढग आला, तर प्रकाशाच्या हिशेबाने मध्य अलीकडे सरकतो, तेही धरावं लागतं. दुसरी गोष्ट हवा: मापकातल्या हवेचा दाब १ मिलिबारने बदलला की तिचा अपवर्तनांक बदलतो आणि रेषा सुमारे ८० मीटर वेगाएवढ्या सरकतात, ग्रहाच्या खुणेपेक्षा जास्त. म्हणून एलोडीत एका प्रकाशतंतूतून ताऱ्याचा प्रकाश यायचा, आणि शेजारच्या तंतूतून त्याच वेळी थोरियमच्या दिव्याचा. दाब बदलला तर दोन्ही सारखे सरकतात. दिव्याचं सरकणं वजा केलं की उरतं ते ताऱ्याचं.

पण तारा स्वतःच फसवत असेल तर? त्याच्या पृष्ठभागाची कंपनं किंवा डाग रेषांना हलवू शकतात. डेव्हिड ग्रे यांनी १९९७ मध्ये हीच शंका घेतली: ५१ पेगासीच्या रेषांचा आकारही त्याच आवर्तनाने बदलतो, म्हणून ग्रह नसावा. कसोटी योग्य होती. ग्रह असेल तर रेष आकार न बदलता सबंध सरकते. पृष्ठभागाचा खेळ असेल तर ती एका बाजूला कलते. नव्या, जास्त चांगल्या मोजणीत १९९८ मध्ये आकार स्थिर निघाला आणि ग्रे यांनी दावा मागे घेतला.

ग्रहाचं वस्तुमान साध्या तोलातून निघतं. सूर्याएवढ्या ताऱ्याभोवती ४.२३ दिवसांची फेरी म्हणजे ग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे १३२ किलोमीटर. ताऱ्याचा ५९ मीटर. ग्रह ताऱ्यापेक्षा जितका हलका, तितका जास्त वेगाने फिरणार. म्हणून त्याचं वस्तुमान ताऱ्याच्या सुमारे २,२०० व्या भागाएवढं, म्हणजे गुरूच्या ०.४७ पट. पण हे किमान वस्तुमान आहे, कारण मोजला गेलाय तो फक्त आपल्या दृष्टिरेषेतला वेग. समोरून जाणाऱ्या गाडीचा आडवा वेग स्वरात उतरत नाही, तसाच कक्षेचा आडवा भाग रेषांत उतरत नाही. कक्षेचं प्रतल दृष्टिरेषेपासून ६० अंशांनी कललेलं असेल, तर खरं वस्तुमान याच्या दुप्पट भरेल, आणि नुसत्या रेषा बघून तो कल कळत नाही.